मानेतला ‘दात’ मोडला: कॉलर, हॅलो की फ्यूजन?

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे, चालते-फिरते. बाथरूममध्ये घसरून पडले. सीटीच्या रिपोर्टमध्ये ‘टाइप टू ओडोन्टॉइड फ्रॅक्चर’ लिहून आलंय. हातापायांत ताकद व्यवस्थित आहे. एक डॉक्टर म्हणतात कॉलरवर ठेवू, दुसरे म्हणतात मागून स्क्रू घालून मणके जोडू, तिसऱ्यांनी हॅलो सुचवला. एकाच हाडाला तिघांची तीन उत्तरं कशी? आम्ही ठरवायचं कशावरून?

उत्तर:

तिघांपैकी कुणी चुकतंय असं मी म्हणणार नाही, पण या वयात मी हॅलो, म्हणजे कवटीला पिनांनी बसवून छातीच्या जाकिटाला जोडलेलं कडं, जवळजवळ बाजूलाच ठेवतो. खरी निवड उरते ती कॉलर आणि मागून केलेलं फ्यूजन, म्हणजे मणके कायमचे जोडणं, यांच्यात. ती ‘टाइप टू’ या दोन शब्दांवरून होत नाही. तुकडा किती सरकला आहे, उभं राहिल्यावर तो आणखी सरकतो का, हाडात स्क्रू धरेल इतका दम आहे का, आणि तुमचे वडील काय सोसू शकतील यावर ती होते. त्यांची सीटी मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी हे करा असं सांगणार नाही. माझ्यासमोर असा रुग्ण आला की मी काय बघतो ते सांगतो.

आधी हा ‘दात’ म्हणजे काय ते. मानेतल्या दुसऱ्या मणक्याच्या, म्हणजे ॲक्सिसच्या अंगातून वर एक हाडाचा खुंट निघतो. जात्याचा खुंटा डोळ्यांसमोर आणा. पहिला मणका, ॲटलस, हे एक कडं आहे आणि ते डोकं घेऊन या खुंट्याभोवती फिरतं. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातलं जवळपास निम्मं वळणं या एका सांध्यात होतं. खुंटा कड्याच्या पुढच्या कमानीला टेकून राहावा म्हणून त्याच्या मागून एक आडवा, दणकट अस्थिबंध ताणलेला असतो. त्याच्याही मागे मज्जारज्जू. ॲटलसच्या कड्यात ढोबळमानाने एक तृतीयांश जागा खुंट्याची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि एक तृतीयांश मोकळी. या मोकळ्या जागेमुळेच खुंटा मोडूनही तुमच्या वडिलांचे हातपाय शाबूत आहेत. पण म्हणून फ्रॅक्चर किरकोळ आहे असा अर्थ काढू नका. मोकळी जागा संपेपर्यंतच ती उपयोगाची.

अँडरसन आणि डी’अलोन्झो यांनी १९७४ मध्ये या फ्रॅक्चरचे तीन प्रकार पाडले आणि आजही आम्ही तीच भाषा बोलतो. खुंट्याचं टोक तुटलं तर टाइप वन. तो विरळा, आणि दिसला तर मला खुंट्यापेक्षा कवटी आणि मान यांच्या सांध्याची जास्त काळजी वाटते, कारण ते टोक तिथल्या अस्थिबंधाने उपटून काढलेलं असू शकतं. खुंट्याच्या बुंध्यात, तो मणक्याच्या अंगाला जिथे मिळतो तिथे मोडलं तर टाइप टू. तडा खाली मणक्याच्या अंगात उतरला तर टाइप थ्री. टाइप थ्रीमध्ये मोडलेल्या दोन्ही बाजूंना रुंद, रक्ताने भरलेलं, जाळीदार हाड असतं. तुकडा फार सरकलेला नसेल तर बहुतेकदा कॉलरमध्येच ते जुळतं.

कटकट आहे ती मधल्या प्रकाराची. बुंध्याशी हाड अरुंद, जाळीदार भाग कमी, म्हणजे एकमेकांना चिकटायला पृष्ठभागच थोडा. त्यातून वयानुसार हाड सर्वात आधी विरतं तेही तिथेच. शिवाय वरचा तुकडा अस्थिबंधांनी ॲटलसला बांधलेला आणि खालचा मणक्यासोबत. डोकं हललं की फ्रॅक्चरची फट हलते. तरुणात हे हाड मोडायला वेगातला अपघात लागतो, वृद्धात उभ्या उंचीवरून पडणं पुरतं.

स्थिरतेबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. रिपोर्टमध्ये ‘अस्थिबंध शाबूत’ असं वाचलं की घरच्यांना वाटतं सगळं स्थिर आहे. टाइप टूमध्ये आडवा अस्थिबंध बहुतेकदा शाबूतच असतो, आणि त्याचा परिणाम उलटा होतो. खुंटा, ॲटलस आणि डोकं एकमेकांना घट्ट धरून एकाच गाठोड्यासारखं खालच्या मणक्यावर पुढेमागे सरकतं. अस्थिबंधही तुटला असेल तर परिस्थिती आणखी वाईट. खुंटा जुळला तरी ॲटलस त्याच्यावरून पुढे घसरत राहील, म्हणून तिथे कॉलर किंवा खुंट्यातला एकटा स्क्रू यावर मी भरवसा ठेवत नाही, फ्यूजनच करतो. ॲटलसचं कडंही फुटलेलं असेल तर समोरून, तोंड उघडून काढलेल्या चित्रात त्याच्या दोन्ही बाजू खालच्या मणक्याच्या कडेबाहेर किती आल्या ते मोजतो. दोन्हींची बेरीज साधारण ७ मिलिमीटरच्या वर गेली तर अस्थिबंधावर संशय घेऊन एमआरआय करायचाच.

आता मोजमापं. सीटीच्या बाजूच्या छेदात मी दोन आकडे काढतो: तुकडा किती मिलिमीटर सरकला आणि किती अंशांनी कलला. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकणं, १० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त कल, मागच्या दिशेने सरकणं, फटीत चुरा असणं आणि वय ५० च्या पुढे असणं, यातलं प्रत्येक कारण हाड न जुळण्याकडे झुकवतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत वयाचं कारण आधीच हजर आहे, म्हणून बाकीचे आकडे मुद्दाम विचारून घ्या. शिवाय सीटी आडवं झोपवून काढतात. झोपलेल्या माणसाच्या मानेवर डोक्याचं चार-पाच किलोंचं ओझं नसतं. म्हणून कॉलर ठरली तर ती घालून, बसवून किंवा उभं करून बाजूचा एक्स-रे काढल्याशिवाय मी कुणालाही घरी सोडत नाही.

हॅलोबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तो ऐकायला सर्वात ‘पक्का’ वाटतो. कवटीभोवती एक कडं, चार पिना कवटीच्या बाहेरच्या थरात, आणि ते कडं चार दांड्यांनी छातीवरच्या जाकिटाला जोडलेलं. पुढच्या पिना भुवईच्या बाहेरच्या भागावर साधारण एक सेंटिमीटर वर घालतात, म्हणजे कपाळाची नस वाचते. पिना आवळताना रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, नाहीतर कपाळाची कातडी अडकून नंतर पापण्या पूर्ण मिटत नाहीत. मोठ्या माणसात ८ इंच-पाउंड इतकाच पीळ द्यायचा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासायचा. जाकिटाचा पाना रुग्णापासून कधी दूर ठेवायचा नाही. छाती दाबायची वेळ आली तर जाकीट उघडता आलं पाहिजे.

तरुण माणसात, फ्रॅक्चर नीट जागेवर बसलेलं असेल आणि तो तीन महिने हे ओझं सोसणार असेल, तर हॅलो चांगलं काम करतो. वृद्धात मात्र छाती जखडते, खोकला नीट काढता येत नाही, गिळताना अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. डोक्यावरच्या वजनाने तोल जाऊन पुन्हा पडतात, पातळ कवटीत पिना सैल होतात. एवढं करून टाइप टू जुळतंच असंही नाही. २००० साली लेनार्सन आणि सहकाऱ्यांनी हॅलोमध्ये ठेवलेल्या टाइप टू रुग्णांचा अभ्यास मांडला. पन्नाशी ओलांडलेल्यांत हाड न जुळण्याचा धोका २१ पट आढळला. किंमत सर्वात जास्त आणि खात्री कमी, म्हणून या वयात मी त्याच्या वाटेला जात नाही.

मग कॉलर की ऑपरेशन? एका रुग्णाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. ७२ वर्षांचे गृहस्थ, रोज तासभर फिरणारे, स्वतः गाडी चालवणारे. रात्री पलंगावरून उतरताना पडले. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही आणि मलम-गोळ्यांवर भागलं. अकरा दिवसांनी माझ्याकडे आले ते खुर्चीवरून उठताना दोन्ही हातांनी डोकं धरून. मानेच्या वरच्या टोकाला काही मोडलं की माणूस नकळत असं करतो, आणि मी तपासायच्या आधीच सीटीची चिठ्ठी लिहिली. साध्या एक्स-रेत दातांची आणि कवटीची सावली या बुंध्यावर पडते, त्यामुळे ही फ्रॅक्चरं निसटतात. पडल्यानंतर मान दुखणाऱ्या ज्येष्ठ माणसाचा एक्स-रे ‘नॉर्मल’ आला म्हणून मी कधी स्वस्थ बसत नाही.

सीटीत बुंध्याशी तडा होता, वरचा तुकडा २ मिलिमीटर मागे, कल ६ अंश. एमआरआयमध्ये अस्थिबंध शाबूत, मज्जारज्जू ठीक. आकडे मवाळ होते आणि त्यांना ऑपरेशन नको होतं. कडक कॉलर दिली, पुढून हनुवटीला आणि मागून डोक्याच्या खोबणीला धरणारी. मऊ फोमचा पट्टा या कामाचा नाही, तो फक्त मान दुखते याची आठवण करून देतो. कॉलर घालून बसवून काढलेल्या एक्स-रेतही सरकणं २ मिलिमीटरच राहिलं. मुलाला सांगितलं की कॉलरखालची कातडी साफ करायची तर झोपवून, एकाने डोकं धरायचं आणि दुसऱ्याने पुसायचं. आठवड्याने ३ मिलिमीटर. हे मोजण्यातल्या चुकीत बसतं, म्हणून थांबलो.

चौथ्या आठवड्यात ते म्हणाले, “डॉक्टर, कुशीवर वळताना मानेत काहीतरी कट् करतं.” एक्स-रेत तुकडा ६ मिलिमीटर मागे आणि १४ अंश कललेला. खोदून विचारल्यावर मुलाने सांगितलं, “बाबा रोज सकाळी दाढी करायला कॉलर काढून आरशासमोर बसतात.” दाढी केली नसती तर हाड जुळलंच असतं असं मी म्हणणार नाही. पण आता कॉलरवर आणखी आठ आठवडे काढण्यात अर्थ उरला नव्हता.

ऑपरेशनचे दोन रस्ते असतात. पहिला पुढून: गळ्याच्या बाजूने शिरून दुसऱ्या मणक्याच्या खालच्या पुढच्या कडेतून वर खुंट्याच्या टोकापर्यंत एक स्क्रू. दोन्ही तुकडे एकमेकांवर आवळले जातात आणि मान वळवणं शाबूत राहतं, हा त्याचा मोठा फायदा. पण त्याला तड्याची दिशा अनुकूल लागते. तडा पुढून वर आणि मागे खाली उतरणारा असेल तर स्क्रू त्याला जवळपास काटकोनात छेदतो आणि धरतो. उलट्या दिशेचा असेल तर स्क्रू आवळताच वरचा तुकडा तड्यावरून घसरतो. चुरा असेल तर आवळायला काही उरत नाही. ग्राउअर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये टाइप टूचे पोटप्रकार पाडले ते याच कारणासाठी.

या गृहस्थांच्या तड्याची दिशा खरं तर पुढच्या स्क्रूला चालणारी होती. तरी मी तो रस्ता सोडला. हाड विरळ होतं, म्हणजे स्क्रू मणक्याच्या पुढच्या कडेतून कापत बाहेर येण्याची भीती. छाती पिंपासारखी, त्यामुळे ज्या तिरक्या कोनातून स्क्रू न्यायचा तो साधणं अवघड. आणि गळ्यातून शिरल्यावर या वयात गिळण्याचा त्रास होतो, जो मला सर्वात जास्त घाबरवतो.

दुसरा रस्ता मागून: पहिला आणि दुसरा मणका एकमेकांना कायमचे जोडायचे. पूर्वी दोन्ही मणक्यांना मागून तारेने बांधत. आता बहुतेक जण ॲटलसच्या दोन बाजूंत दोन आणि ॲक्सिसमध्ये दोन स्क्रू घालून रॉडने जोडतात. गोएल यांनी १९९४ मध्ये मांडलेली आणि हार्म्स यांनी २००१ मध्ये स्क्रू-रॉडच्या रूपात पुढे नेलेली ही पद्धत आहे. ऑपरेशनआधी मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या धमनीची सीटी अँजिओग्राफी करतो. यांची उजवी धमनी दुसऱ्या मणक्यात नेहमीपेक्षा वर चढलेली निघाली. तिथे लांब स्क्रू घातला असता तर धमनीत शिरला असता, म्हणून त्या बाजूला मणक्याच्या मागच्या पट्टीत स्क्रू घातला. ही तपासणी न करता कुणी तारीख देत असेल तर कारण विचारायला संकोच करू नका.

भूल देताना मान ताणायची नाही, म्हणून श्वासाची नळी दुर्बिणीतून बघत घातली. पालथं केल्यावर डोकं क्लॅम्पमध्ये धरून, पडद्यावर बघत, अलगद पुढे वाकवत तुकडा जागेवर आणला. मागे सरकलेला तुकडा बहुधा असाच बसतो. ॲटलसच्या स्क्रूच्या वाटेवर शिरांचं एक जाळं असतं, ते रक्त बरंच गाळतं. कापूस दाबून धीर धरावा लागतो. शेवटी दोन्ही मणक्यांच्या मागच्या भागाचा वरचा थर खरवडून कमरेच्या हाडाचा तुकडा मध्ये बसवला. धातू फक्त काही महिने धरून ठेवतो. खरं जोडणारं हाड हेच, आणि घाईत नेमकी हीच पायरी निष्काळजीपणे उरकली जाते. सहाव्या महिन्याच्या सीटीत ॲटलस आणि ॲक्सिस यांच्यामध्ये सलग हाड दिसलं. ते पुन्हा फिरायला जातात. मान वळणं निम्म्यावर आलं, म्हणून गाडी मागे घेताना सगळं अंग वळवावं लागतं, आणि दर भेटीत त्याची तक्रार करतात. ती तक्रार मी आधीच सांगून ठेवली होती.

आता दुसरी बाजू. फ्यूजन सगळ्यांनाच का करत नाही? ६५ वर्षांवरील १५९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केलेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात ऑपरेशन झालेल्यांची मानेमुळे येणारी अडचण कमी होती, आणि हाड न जुळण्याचं प्रमाण ५ टक्के, तर ऑपरेशन न झालेल्यांत २१ टक्के होतं. मृत्यूंमधला फरक मात्र संख्याशास्त्रीय निकषावर टिकला नाही. शिवाय कुणाला टेबलावर घ्यायचं ते डॉक्टर आणि रुग्णांनी ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून नव्हे. धडधाकट माणसं ऑपरेशनकडे झुकलेली असणार हे धरूनच ते आकडे वाचावेत.

आणि न जुळलेलं प्रत्येक हाड धोक्याचं नसतं. कॉलरच्या बारा आठवड्यांनंतर सीटीत फट दिसली तरी त्या जागी घट्ट तंतुमय ऊती भरलेली असू शकते. तेव्हा रुग्णाला स्वतःच, दुखेल तिथे थांबत, मान पुढे आणि मागे करायला सांगून दोन एक्स-रे काढतो. दोन्हींत तुकडा त्याच जागी असेल आणि दुखणं कमी असेल तर मी हळूहळू कॉलर सोडवतो. मी कॉलरच दिलेल्या एका ८७ वर्षांच्या आजींचं हृदय कमजोर होतं आणि विसराळूपणा वाढत होता. ४ मिलिमीटर सरकलेलं हाड शेवटपर्यंत जुळलं नाही, पण हललंही नाही. दोन वर्षांनी त्या माझ्या खोलीत काठी टेकत आल्या होत्या. त्यांना टेबलावर घेतलं असतं तर हाड जुळलं असतं, त्या उठल्या असत्या की नाही हे मात्र सांगता येत नव्हतं.

पण कॉलर म्हणजे बिनधोक असंही समजू नका. हनुवटी, डोक्याची मागची बाजू आणि गळपट्टीचं हाड इथे तीन-चार दिवसांत कातडी लाल होऊन फुटते. ती रोज बघायची आणि अस्तर बदलायचं. जेवण सरळ बसवून, छोटे घास. गिळताना खोकला येत असेल तर लगेच कळवायचं, कारण कॉलरमध्येही न्यूमोनिया होतो. आठव्या दिवसाला, मग दर दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे, आणि प्रत्येक एक्स-रे पहिल्या दिवसाच्या शेजारी ठेवून मोजायचा. आधीच्याशी ताडून पाहिलं तर दर वेळी एक-एक मिलिमीटर निसटत जातो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्या वडिलांसाठी माझ्या मनातली रेघ साधारण अशी: सरकणं आणि कल थोडा, कॉलरमध्ये बसवून काढलेल्या एक्स-रेत हालचाल नाही, आणि घरात कॉलर सांभाळणारं माणूस आहे, तर सुरुवात कॉलरने करायला हरकत नाही. सरकणं ५ मिलिमीटरच्या पुढे, किंवा बसवल्यावर वाढतंय, किंवा अस्थिबंध तुटलेला, आणि हृदय-फुप्फुसं भूल सोसतील, तर मी मागून फ्यूजन लवकर करीन. वाट पाहिल्याने फट भरत नाही आणि माणूस अंथरुणात खंगतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आजच सांगा, कारण ऑपरेशनची तारीख त्यावरही अवलंबून असते.

बोटांना मुंग्या, शर्टाची बटणं लावताना अडखळणं, चालताना पाय अडकणं, मान वाकवताना पाठीतून वीज गेल्यासारखं वाटणं, लघवी अडणं, यातलं एकही नव्याने दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. कॉलर आहे तशीच ठेवून, मान न हलवता, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.